कवळी, लाळ आणि ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा

प्रश्न: आईचं वय ६४. वर्षभर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडतात, जांभई दिली की रक्त येतं, तिखट खाताच येत नाही. बी कॉम्प्लेक्सचा कोर्स तीनदा झाला, तूपही लावतो. थोडं बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत परत तेच. तिला वरची-खालची पूर्ण कवळी आहे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. नक्की कोणतं व्हिटॅमिन कमी पडतंय? कोणती गोळी द्यावी?

उत्तर:

व्हिटॅमिनकडे मी येणारच आहे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत रक्ताच्या काही तपासण्या करायलाच हव्यात. पण तीनदा कोर्स होऊनही चिरा परत येत असतील तर मी आधी हे शोधेन, की त्यांच्या ओठांचे कोपरे सतत ओले का राहतात. मी दातांची डॉक्टर आहे आणि माझं बरंचसं काम कवळीचं आहे. दोन्ही बाजूंना, वर्षभर, येऊन-जाऊन राहणाऱ्या चिरा आणि तोंडात पूर्ण कवळी, एवढं ऐकलं की माझं पहिलं लक्ष कवळीकडे जातं. अर्थात आईंचं तोंड मी पाहिलेलं नाही. कवळी किती वर्षांची आहे, त्या रात्री काढतात का, साखर किती आहे, तंबाखू किंवा मिश्रीची सवय आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून मी कसा विचार करते ते सांगते. त्यातलं आईंना काय लागू पडतं ते तुम्हाला घरीच बऱ्यापैकी कळेल.

तोंड मिटल्यावर ओठाचा कोपरा कोरडा आणि सपाट असायला हवा. दात पडले, जबडा मिटताना जास्त वर येऊ लागला, की गालाची त्वचा सैल होऊन ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे एक घडी पडते. त्या घडीत लाळ झिरपते आणि साचून राहते. सतत ओली त्वचा आधी पांढरट आणि मऊ पडते. मग जांभई देताना किंवा भाकरीचा मोठा घास घेताना ती ताणली जाते आणि चिरते. चीर झोंबते म्हणून माणूस नकळत जीभ फिरवतो, म्हणजे आणखी लाळ. त्या ओल्या चिरेत कॅन्डिडा नावाची बुरशी आणि बऱ्याचदा त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू वाढतात. मग आग, लाली, पिवळसर खपली सुरू होते. तूप लावलं की लाळ थेट त्वचेला लागत नाही आणि ताण कमी होतो, म्हणून दोन-चार दिवस बरं वाटतं. पण घडी तिथेच असते, लाळ तिथेच असते, आणि बुरशीचा मुख्य साठा बहुतेक वेळा तोंडाच्या आत असतो. त्यामुळे चीर परत येते.

आज रात्री तीन गोष्टी बघा. आईंना खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली बसवा. पहिली गोष्ट, कवळी घालून दाढा मिटायला सांगा आणि बाजूने चेहरा बघा. हनुवटी नाकाच्या दिशेने वर सरकलेली दिसते का, ओठ आत दुमडलेले वाटतात का, कोपऱ्यात खोल रेघ पडते का? दुसरी गोष्ट, कवळी काढून मोबाईलच्या टॉर्चने टाळू बघा. निरोगी टाळू फिकट गुलाबी असतो. कवळीखाली बुरशी असेल तर टाळू लालभडक दिसतो, आणि त्या लालीची सीमा नेमकी कवळीच्या आकाराची असते, जणू कोणी कवळी ठेवून कडेने रेघ ओढली आहे. हे सहसा दुखत नाही, त्यामुळे आईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नसेल. तिसरी गोष्ट, बोटाने गाल हलकेच बाहेर ओढा आणि ओठाच्या कोपऱ्याच्या लगेच आतली बाजू बघा. तिथे पुसून न जाणारा पांढरा चट्टा आहे का? याचं महत्त्व शेवटी सांगते.

मग कवळीचं वय विचारा. दात काढल्यावर हिरडीचं हाड झिजू लागतं. ते पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने झिजतं, पण पुढे आयुष्यभर थोडं थोडं झिजतच राहतं, आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त. कवळीचे प्लास्टिकचे दातही चावून चावून घासतात. म्हणजे कवळी खाली बसत जाते, दात बुटके होत जातात आणि चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची हळूहळू कमी होते. हे इतकं सावकाश होतं की घालणाऱ्याला कळत नाही. उलट जुनी कवळी 'अंगवळणी पडलेली' म्हणून सोयीची वाटते.

आम्ही ही उंची मोजतो तेव्हा नाकाच्या टोकावर एक आणि हनुवटीवर एक असे पेन्सिलचे दोन ठिपके काढतो. पेशंटला घोट गिळून जबडा सैल सोडायला सांगायचं आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. मग दाढा पूर्ण मिटायला सांगून पुन्हा मोजायचं. दोन्ही मोजमापांत साधारण २ ते ४ मिलिमीटरचा फरक असावा. तो जितका जास्त, तितकी कवळी बुटकी.

एक उदाहरण देते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून ६८ वर्षांच्या आजी सुनेबरोबर आल्या होत्या. माळकरी, मांस-मासे-अंडी वर्ज्य. मधुमेह दहा वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. दोन्ही कोपऱ्यांना चिरा, उजवीकडे पिवळसर खपली. सूनबाईंनी पिशवीतून व्हिटॅमिनच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एका मलमाची पिळून संपलेली ट्यूब काढून दाखवली. कवळी बारा वर्षांची. रात्री काढता का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "नातवंडं जवळ झोपतात, बोळकं तोंड कसं दाखवू?" चोवीस तास कवळी तोंडात. टाळू कवळीच्या आकारात लाल. सैल जबड्याला ठिपक्यांमधलं अंतर ६४ मिलिमीटर आणि दाढा मिटल्यावर ५५. म्हणजे ९ मिलिमीटरचा फरक, असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त.

तिथल्या तिथे मी त्यांच्या खालच्या कवळीच्या दाढांवर दोन्ही बाजूंना मऊ मेणाची पट्टी ठेवली आणि हळूच तोंड मिटायला सांगितलं. आरशात कोपऱ्याची घडी उघडलेली दिसली. कवळीची उंची वाढवून फायदा होईल का, हे असं पाच मिनिटांत कळतं. घडी उघडली तर होईल. उघडली नाही तर त्वचेचा सैलपणा वयाचा आहे, आणि नवी कवळी करून चिरा थांबतील असं वचन देणं चुकीचं ठरेल.

पण आजींची नवी कवळी लगेच करायला घेतली नाही. टाळू सुजलेला, लाल असताना माप घेतलं तर ते सुजलेल्या टाळूचं माप येतं, आणि सूज उतरली की नवी कवळीसुद्धा ढिली पडते. म्हणून आधी जुन्याच खालच्या कवळीच्या दाढांवर प्लास्टिकचा थर देऊन उंची ३ मिलिमीटर वाढवली, आतून मऊ अस्तर लावलं आणि त्यांना तीन आठवडे तशी वापरू दिली. उंची एकदम पूर्ण वाढवली तर जबडा दमतो, बोलताना दात एकमेकांवर वाजतात आणि माणूस कवळी काढून डब्यात ठेवून देतो. टप्प्याटप्प्याने वाढवली की स्नायूंना सवय होते. कोपरे दहा-बारा दिवसांत कोरडे पडले. टाळू पूर्ववत व्हायला महिना लागला. मग माप घेऊन नवी कवळी केली. रक्तात त्यांचं हिमोग्लोबिन १०.२ आणि बी-१२ खूप कमी आलं होतं. त्याचे उपचार त्यांच्या डॉक्टरांनी समांतर चालू केले. पुढे दिवाळीत पाहुणे असताना त्यांनी पुन्हा सलग काही दिवस रात्री कवळी घातली आणि उजवा कोपरा परत ओलसर झाला. तेव्हा रक्तातलं बी-१२ भरून निघालेलं होतं, हे लक्षात घ्या.

आता आईंसाठी काय करता येईल ते.

कवळी रात्री काढून ठेवायची, हे सगळ्यात आधी आणि आजपासून. कवळीचं प्लास्टिक वरून गुळगुळीत दिसतं, पण हिरडीला टेकणारी बाजू खडबडीत असते, त्यात बारीक छिद्रं असतात आणि बुरशी तिथे थर करून राहते. तोंडाला रोज किमान सहा-आठ तास मोकळे मिळाले पाहिजेत. आईंना संकोच वाटत असेल तर तो खरा आहे, त्यावर चिडू नका. त्यांना झोपायच्या खोलीत दिवा मालवल्यावर कवळी काढून झाकणाच्या डब्यात ठेवू द्या, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून घालू द्या.

कवळी धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश आणि हात धुण्याचा किंवा भांड्याचा सौम्य साबण वापरा. आतली बाजू, म्हणजे टाळू आणि हिरडीला टेकणारी, जास्त घासा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि बुरशीला नवी जागा मिळते. उकळतं पाणीही नको, कवळी वाकते. घासून झाल्यावर क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के माऊथवॉशमध्ये पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा बुडवून ठेवा, मग धुवा. हे दोन-तीन आठवडे पुरे. फार काळ केलं तर कवळीवर तपकिरी डाग पडतात. रात्रभर मात्र साध्या पाण्यात ठेवा. कवळी काढल्यावर टाळू आणि हिरडी ओल्या मऊ फडक्याने पुसा, जीभही.

कोपऱ्यांना लावायचं मलम बुरशीवर चालणारं हवं. बुरशी आणि त्वचेवरचे काही जंतू या दोन्हींवर चालतं म्हणून मायकोनाझोल २ टक्के क्रीम जगभर याच तक्रारीसाठी वापरलं जातं. कोपरा आधी स्वच्छ कापसाने टिपून कोरडा करायचा, मग अगदी पातळ थर, दिवसातून दोन-तीन वेळा जेवणानंतर आणि झोपताना. चीर भरली तरी आठवडाभर चालू ठेवायचं. लोक नेमकं इथेच थांबतात आणि म्हणतात, मलमाने तात्पुरतं बरं वाटलं. पिवळी मधासारखी खपली असेल तर जंतूंसाठी वेगळं मलम, म्हणजे फ्युसिडिक अ‍ॅसिड किंवा म्युपिरोसिन, काही दिवस द्यावं लागतं. ते डॉक्टरांनी बघून ठरवावं. टाळू लाल असेल तर नुसतं बाहेर क्रीम लावून उपयोग नाही. आतल्या बाजूलाही बुरशीचं औषध हवं.

इथे एक इशारा. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेल वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम धोकादायक वाढवू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबरही ती साखर जास्त उतरवू शकते. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड एकाच गोळीत एकत्र दिलेलं असतं, आणि घरी सगळे त्याला नुसतं 'मेटफॉर्मिन' म्हणतात. म्हणून आईंच्या गोळीचं पाकीट उलटं करून पूर्ण नाव वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा पेशंटना निस्टॅटिनसारखा दुसरा पर्याय देता येतो.

दुसरा इशारा त्याहून महत्त्वाचा, कारण हे सर्रास घडतं. मेडिकलमध्ये 'कोपरे फाटलेत' म्हटलं की बऱ्याचदा एक मलम मिळतं, त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, आग थांबते, सगळे खूश. पण स्टेरॉइडने ओठाजवळची पातळ त्वचा आणखी पातळ होते, बुरशीला मोकळं रान मिळतं आणि मलम थांबवलं की चिरा पहिल्यापेक्षा वाईट होतात. ओठाभोवती बारीक लाल पुळ्याही येऊ लागतात. ट्यूबवर '-सोन' किंवा '-सोल'ने संपणारी नावं दिसली तर स्वतःहून लावू नका, विचारा. मायकोनाझोल आणि क्लोट्रिमाझोल ही नावंसुद्धा '-झोल'वर संपतात, ती बुरशीची औषधं आहेत, गोंधळ होऊ देऊ नका. कधी कधी सूज फार असेल तर डॉक्टर अगदी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन चार-पाच दिवसांसाठी देतात, ते ठीक आहे.

तूप चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याला औषध समजू नका. ते पावसाळी रेनकोटासारखं आहे, लाळ अंगावर घेतं. पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम तेच काम जास्त वेळ करतं, विशेषतः झोपताना. जेवायला बसण्याआधी थोडं लावलं तर आमटी झोंबत नाही. हळद-मध लावून कोणाला बरं वाटलं तर मी अडवत नाही. पण तुरटी आणि लिंबू चिरेला लावू नका, त्वचा आणखी सुकून फाटते. बेंबीत तूप घालण्याने ओठ बरे होतात असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्याने काही बिघडत नाही, पण कोपऱ्यातली लाळही थांबत नाही.

आता व्हिटॅमिन. 'कोपरे फाटले म्हणजे बी कॉम्प्लेक्स' ही समजूत निराधार नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर या दोन डॉक्टरांनी रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, अगदी कमी असलेला आहार काही स्त्रियांना दिला. त्यांच्यापैकी अनेकींच्या ओठांचे कोपरे फाटले आणि रायबोफ्लेविन दिल्यावर बरे झाले. जिथे रोजच्या जेवणात पॉलिश केलेला तांदूळ आणि दूध-डाळ-भाजी जेमतेम, तिथे हे आजही दिसतं, लहान मुलांमध्ये आणि गरोदर बायकांमध्ये विशेष. पण खरी बी-२ची कमतरता असेल तर गोळ्यांनी चिरा थोड्याच दिवसांत बसायला लागतात आणि आहार सुधारला तर परत येत नाहीत. आईंना तीन कोर्स झाले, म्हणजे बी-२चा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. चौथ्या कोर्सने फक्त लघवी पिवळी होईल.

त्यांच्या बाबतीत मला तपासायची आहेत ती दोन नावं म्हणजे बी-१२ आणि लोह. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. त्यात माणूस शाकाहारी असेल, किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी घेत असेल, तर आणखी कमी. साध्या बी कॉम्प्लेक्सच्या बऱ्याच गोळ्यांत बी-१२ इतकं थोडं असतं की अशी कमतरता भरून निघत नाही. आईंची जीभ बघा. जिभेवरचे बारीक कंगोरे जाऊन ती गुळगुळीत, लाल, चकचकीत दिसते का, आणि तिखटाने जीभही झोंबते का? पायांना मुंग्या येतात का? मधुमेहात मुंग्यांचा दोष लगेच साखरेवर जातो आणि बी-१२ बघायचं राहून जातं. रक्तात बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. थोडं वर असेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. बी-१२ कमी असताना फॉलिकने रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहतं. आणि बी-१२ कमी आलं म्हणून मेटफॉर्मिन बंद करायचं नसतं, बी-१२ वेगळं द्यायचं असतं.

लोहासाठी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन तपासण्या. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे रक्त कमी. फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. पाळी चालू असलेल्या बाईला लोह कमी येणं फार आढळतं. पण ६४व्या वर्षी, पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर लोह कमी आलं, तर मी लोहाच्या गोळीवर थांबत नाही. रक्त कुठून तरी जातंय का, हे बघावं लागतं. मूळव्याध, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठराला पडलेली जखम, क्वचित आतड्याचा कर्करोग. फिजिशियन त्यासाठी शौचाची तपासणी किंवा दुर्बिणीची तपासणी सुचवतील, टाळू नका. लोहाची गोळी चालू झाली तर चहा आणि गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. पण गोळी चालू करण्याआधीपासूनच काळं, डांबरासारखं होत असेल तर ते लगेच सांगा.

त्याच वेळी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्या. साखर जास्त राहिली की लाळ कमी होते, लाळेतही साखर वाढते आणि बुरशीला ते हवंच असतं. कवळी कितीही उत्तम केली तरी साखर ९-१० टक्क्यांवर असताना कोपरे पूर्ण बरे झालेले मी क्वचित पाहिले आहेत.

हे वाचणाऱ्या पण कवळी नसलेल्यांसाठी थोडक्यात. तरुण बाईला चिरा असतील तर मी पहिल्यांदा लोह आणि बी-१२ बघते. लहान मुलाला असतील तर ओठ चाटण्याची, अंगठा चोखण्याची किंवा झोपेत लाळ गळण्याची सवय बघते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनची गोळी घेणाऱ्यांचे ओठ त्या गोळीनेच फाटतात. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी होते. नवी लिपस्टिक किंवा नवी टूथपेस्ट सुरू केल्यावर त्रास झाला असेल तर ती महिनाभर बंद करून बघा. आणि आधी मुंग्या-टोचल्यासारखं होऊन, मग एकाच बाजूला पाण्याचे बारीक फोड येत असतील, तर ते नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे असतं, त्याचं औषध वेगळं.

आता तो पांढरा चट्टा. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-चुना, गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या कोपऱ्यात पुसून न जाणारा पांढरा किंवा पांढरा-लाल खरखरीत चट्टा दिसला, तर त्यात बुरशी असली तरी तो नुसत्या बुरशीचा मानून चालत नाही. अशा चट्ट्याचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. बुरशीचं औषध देऊन दोन आठवड्यांनी परत बघायचं आणि चट्टा राहिला तर बायोप्सी करायची. सुपारीने तोंड कमी उघडू लागलं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर कोपऱ्यांवर येणारा ताणच वेगळा असतो आणि ती स्वतंत्र तपासणीची गोष्ट आहे. तसंच चीर फक्त एकाच बाजूला असेल, तिची कड हाताला टणक लागत असेल, जबड्याखाली गाठ असेल, किंवा घास गिळताना अडकत असेल, तर मलमाचे प्रयोग करत बसू नका.

आईंसाठी क्रम असा ठेवा. आजपासून रात्री कवळी बाहेर आणि साबणाने स्वच्छता. याच आठवड्यात रक्ताच्या चार तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, एचबीएवनसी. रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा, शक्य असेल तर कवळीच्या कामाचे तज्ज्ञ, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट असतील त्यांच्याकडे. सरकारी दंत महाविद्यालयात हा विभाग असतो आणि खर्चही कमी येतो. जाताना कवळी घालूनच न्या, आणि 'उंची मोजून बघाल का' असं स्पष्ट विचारा. अनेकदा कवळी टोचत नाही, हलत नाही म्हणून ती ठीक आहे असं समजून पुढे जातात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नव्या कवळीचं माप घ्यायला सुरुवात केली आणि टाळू अजून लाल असेल, तर थोडं थांबता येईल का, हेही विचारा.

मलम आणि स्वच्छता नीट झाली तर पहिल्या आठवड्यात आग कमी व्हायला हवी आणि दोन-तीन आठवड्यांत चिरा भरायला हव्यात. काहीच फरक नसेल तर कोपऱ्यातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन बुरशी आणि जंतूंची तपासणी करून घ्यावी, म्हणजे औषध अंदाजाने बदलावं लागत नाही. मेणाची पट्टी ठेवूनही घडी उघडत नसेल, तर नव्या कवळीचा खर्च केवळ या चिरांसाठी करू नका. मग रोज झोपताना कोपरे टिपून झिंक ऑक्साइडचा पातळ थर आणि लाली दिसू लागली की लगेच चार-पाच दिवस क्रीम, एवढंच कायम ठेवावं लागतं. त्यावर वर्षानुवर्षं बरे राहणारे पेशंट माझ्याकडे आहेत.